उघड्या पोथीची परीक्षा

रायपूरच्या जुन्या वस्तीत तात्यापारा नावाचा भाग आहे. पारा म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर अठराव्या शतकात बसला, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले; पण त्या काळात आणि त्यानंतरही नोकरीचाकरीच्या निमित्ताने इकडे आलेली मराठी घरे येथेच रुजली. आज त्या घरांतील मुले शाळेत हिंदी शिकतात, बाजारात छत्तीसगढी बोलतात आणि आजीशी मराठी बोलतात. अशाच काही घरांतील वीस-पंचवीस मंडळींचा गीता आणि ज्ञानेश्वरी वाचण्याचा एक वर्ग मी काही वर्षे चालवीत होतो. बारा वर्षांच्या मुलापासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सारेच एका सतरंजीवर बसत.

वर्षाअखेर आम्ही परीक्षा घेत असू. ती जशी सर्वत्र असते तशीच होती. अमक्या अध्यायात श्लोक किती, हे कोण कोणाला म्हणाले, पुढील श्लोकाचा उत्तरार्ध लिहा, असे प्रश्न असत. एका वर्षी पहिले बक्षीस त्या आजींना मिळाले. त्यांना अठराही अध्याय मुखोद्गत होते आणि त्यांच्या उत्तरपत्रिकेत एक अनुस्वारही चुकलेला नव्हता. बक्षीस देताना मी सहज विचारले, "आजी, परधर्म भयावह असे आपण रोज म्हणता. इथे परधर्म म्हणजे काय हो?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते मला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

श्रोतेहो, त्या उत्तरात आजींचा दोष तिळमात्र नव्हता. आम्ही जे विचारले ते त्यांनी दिले होते. दोष प्रश्नपत्रिकेचा, म्हणजे माझा होता. पुढच्या वर्षी मी जाहीर केले की परीक्षेला सर्वांनी पोथी उघडी ठेवून बसावे.

पोथी उघडी ठेवली की घोकंपट्टी संपते आणि चिंतन सुरू होते, अशी माझी भाबडी समजूत होती. ती पहिल्याच परीक्षेने मोडली. मी प्रश्न घातला होता, 'गीतेच्या आधारे स्वधर्म ही कल्पना स्पष्ट करा.' निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत तीच वाक्ये त्याच क्रमाने आली. सर्वांनी एकाच छापील अर्थाच्या प्रस्तावनेतून ती उतरवली होती. पूर्वी माणसे आठवून लिहीत, आता पाहून लिहिली, एवढाच फरक पडला. शिवाय दोन तासांत पाच प्रश्न घातल्यामुळे खोलीत पाने उलटण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. ज्याचा हात चपळ, त्याची सरशी झाली.

ही फजिती एकट्या माझीच नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ साली नववी व अकरावीला अशा तऱ्हेची एक परीक्षा सुरू केली होती. तीत वाचावयाचा उतारा विद्यार्थ्यांना काही महिने आधीच दिला जाई. दोन-तीन वर्षांतच ती योजना सोडून द्यावी लागली. उतारा आधी हाती आला की त्यावरील संभाव्य प्रश्नांची उत्तरेही तयार होतात आणि मुले ती पाठ करतात, हे कोणत्याही शिक्षकाला उमजेल. तात्पर्य, पुस्तक उघडे असणे पुरेसे नाही. ज्याचे उत्तर पुस्तकात एका जागी लिहिलेले सापडत नाही, असा प्रश्न आधी सापडला पाहिजे.

तो कोठे शोधावा? मला वाट आपल्याच परंपरेत मिळाली. विचार करा, गीतेचे सातशे श्लोक शंकराचार्यांपुढे उघडे होते, रामानुजाचार्यांपुढे होते, १२९० साली नेवाशाला ज्ञानदेवांपुढे होते आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांपुढे होते. पोथी एकच, आणि तात्पर्ये निरनिराळी. कोणी संन्यास काढला, कोणी भक्ती, कोणी कर्मयोग. तेव्हा तात्पर्य कसे काढावे, याला काही कसोटी हवी हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मीमांसकांनी ती सांगून ठेवली आहे. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट काय आहे ते पाहा. पुन्हा पुन्हा कोणती गोष्ट येते ते पाहा. यात नवे काय सांगितले आहे, त्याचे फळ काय दाखविले आहे, कोणता मजकूर केवळ स्तुतीचा किंवा दृष्टान्ताचा आहे आणि कोणता युक्तिवादाचा आहे, ते पाहा. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात ही गमके मांडून आपल्या ग्रंथाला हात घातला आहे. या कसोट्या सबंध ग्रंथाच्या तात्पर्यासाठी आहेत, दोन ओळींसाठी नव्हेत, हे खरे. पण त्यांतील दोन, म्हणजे आरंभ व शेवट यांचा मेळ आणि पुनरुक्ती, आमच्यासारख्या साध्या वाचकांनाही वापरता येतात. त्या दोहोंवरच मी नवा प्रश्न बेतला.

गीतेत एक अर्धा श्लोक जसाच्या तसा दोनदा येतो. तिसऱ्या अध्यायाच्या पस्तिसाव्या श्लोकात आणि अठराव्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात. सदोष असला तरी आपला धर्म उत्तम आचरलेल्या परधर्माहून बरा, असा त्याचा आशय आहे. पण दोन्ही ठिकाणी उत्तरार्ध वेगळा आहे. तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की आपल्या धर्मात मरणही बरे, परक्याचा धर्म भय आणणारा आहे. अठराव्या अध्यायात म्हटले आहे की स्वभावाने नेमून दिलेले कर्म करणाऱ्याला पाप लागत नाही. पूर्वार्ध तोच असताना उत्तरार्ध का बदलला? हे कोणत्याही पानावर एका वाक्यात लिहिलेले नाही. ते दोन्ही जागा शेजारी ठेवूनच सांगावे लागते.

प्रश्न एकच ठेवला आणि वेळ दीड तास दिला. उत्तर दोन पानांहून अधिक नसावे अशी अट घातली, कारण जागा अपुरी असली की माणूस उतरवून घेण्याऐवजी निवड करू लागतो. दोन्ही श्लोक आणि त्यांच्या मागचे-पुढचे दोन-दोन श्लोक शब्दार्थासह मी प्रश्नपत्रिकेवरच छापले, म्हणजे पाने शोधण्यात वेळ जाऊ नये. उरलेली गीता, ज्ञानेश्वरी आणि शब्दकोश आणण्याची मुभा होती. टीकाग्रंथ आणण्यासही मनाई केली नाही. फक्त टीकाकाराचे मत दिल्यास ते आपल्याला का पटते किंवा का पटत नाही, याचा आधार श्लोकातून द्यावा, एवढे म्हटले. हिंदीतून लिहिण्यासही हरकत नव्हती.

प्रश्नाचे तीन भाग होते. पहिला, उत्तरार्ध का बदलला याविषयी तुमचे म्हणणे एका-दोन वाक्यांत मांडा. दुसरा, त्याला आधार देणारे श्लोक क्रमांकासह दाखवा आणि ते आधार कसे होतात ते सांगा. तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा निदान एक श्लोक शोधा आणि त्याची वाट कशी लावाल ते लिहा. गीतेत काय आहे हे सांगून झाल्यावर ते तुम्हांला मान्य आहे की नाही, हे हवे तर शेवटी वेगळे लिहा. पण दोन्हींची सरमिसळ करू नका, अशी सूचना तळाशी दिली होती.

आता एक चांगले उत्तर कसे आले ते सांगतो. ते लिहिणारी मुलगी महाविद्यालयात होती आणि तिला पाच श्लोकही पाठ येत नव्हते. तिने प्रथम तिसऱ्या अध्यायातील शेजार पाहिला. त्या श्लोकाच्या आधी सांगितले आहे की ज्ञानीसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो आणि प्रत्येक इंद्रियाच्या विषयात आवड व तिटकारा दबा धरून बसलेले असतात, त्यांच्या ताब्यात जाऊ नये. श्लोकानंतर लगेच अर्जुन विचारतो, की नको असतानाही माणसाला पापाकडे कोण ढकलते? म्हणजे येथे विषय चालला आहे तो मनाच्या ओढीचा. मग ती दुसऱ्या अध्यायाच्या आरंभाकडे गेली. तेथे अर्जुन म्हणतो, की गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून खाणे बरे. तिने लिहिले, की परधर्म म्हणजे येथे हीच भिक्षा. ती वाईट नाही, पण अर्जुनाला ती आज सुचते आहे ती वैराग्यातून नव्हे, तर समोरच्या कर्माच्या तिटकाऱ्यातून. म्हणून ती भयावह. तिसऱ्या अध्यायातला उत्तरार्ध असा पळू पाहणाऱ्याला थांबवणारा आहे.

मग अठरावा अध्याय. तेथे आधी प्रत्येकाची स्वभावातून आलेली कर्मे सांगितली आहेत आणि आपल्या कर्माने ईश्वराची पूजा केली असता सिद्धी मिळते असे म्हटले आहे. पुढे सांगितले आहे की अग्नीला जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाला काही ना काही दोष असतोच. येथे कोणी पळत नाही. येथे शंका आहे ती दोषाची. तिने पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवले. अर्जुनाने धनुष्य टाकले ते या युद्धाने आपल्याला पाप लागेल म्हणून. संवादाच्या आरंभी जी भीती उभी राहिली, तिला संवादाच्या शेवटी दिलेले उत्तर म्हणजे पाप लागत नाही हा उत्तरार्ध. आरंभ आणि शेवट जुळतात ते असे.

विरुद्ध आधार म्हणून तिने दुसऱ्या अध्यायातला तेहतिसावा श्लोक काढला. हे युद्ध न केल्यास पाप लागेल, असे तेथे आधीच सांगितले आहे. मग पापाचा प्रश्न शेवटासाठी राखून ठेवला होता, हे तिचे म्हणणे टिकेल कसे? तिने प्रामाणिकपणे लिहिले, की दुसऱ्या अध्यायात न करण्याचे पाप सांगितले आहे आणि अठराव्यात करण्याचे पाप नाकारले आहे, हा भेद मला दिसतो. पण तो पुरेसा आहे की नाही याची मला खात्री नाही. त्या शेवटच्या कबुलीला मी सर्वांत अधिक मोल दिले.

ज्ञानेश्वरीचा उपयोग एका मध्यमवयीन गृहस्थांनी फार सुरेख केला. तिसऱ्या अध्यायात या श्लोकावर ज्ञानदेव दृष्टान्त देतात ते दुसऱ्यांचे टोलेजंग वाडे आणि आपली गवती झोपडी यांचा. अठराव्यात त्याच पूर्वार्धावर दृष्टान्त येतात ते मासा तुपात जगत नाही, विषातल्या किड्याला विषच अमृत, असे. पहिल्या ठिकाणी आपल्या मालकीची गोष्ट, दुसऱ्या ठिकाणी आपल्या घडणीची. म्हणजे उत्तरार्ध बदलला तसे दृष्टान्तही बदलले. ज्ञानदेवांनाही या दोन जागा सारख्या वाटल्या नव्हत्या. हे त्यांना कोणत्याही टीकेत मिळालेले नव्हते. दोन्ही पाने शेजारी ठेवल्याने दिसले.

चुका झाल्या त्यांतही शिकण्यासारखे होते. तिसऱ्या अध्यायात प्रकृतीप्रमाणे वागणे या अर्थी जे क्रियापद आहे, ते चेष्टा या शब्दाशी संबंधित आहे. आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. एकाने त्यावरून ज्ञानी माणूस स्वतःच्या प्रकृतीची थट्टा करतो, असा अर्थ काढून त्यावर पानभर सुंदर विवेचन केले! हिंदीत शिकलेल्या मुलांनी ही चूक केली नाही, कारण हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. अर्थ लावण्याला वाव द्यायचा म्हणजे वाटेल तो अर्थ चालवून घ्यायचा असे नव्हे. शब्दार्थाची चूक ती चूकच. ती टाळण्यासाठीच शब्दकोश हाताशी ठेवायचा असतो.

आता गुणांविषयी. दहा गुणांची वाटणी मी अशी केली होती: म्हणणे स्पष्ट मांडण्याला दोन, आधाराला तीन, विरुद्ध आधार शोधून त्याला सामोरे जाण्याला तीन आणि शब्दार्थ बिनचूक असण्याला दोन. निष्कर्ष कोणता काढला याला गुण नाहीत. कागदावर हे फार उदार दिसते. पण खरी कसोटी मुलांची नव्हे, माझी व्हायची होती.

एका तरुणाने लिहिले, की अठराव्या अध्यायात स्वभाव म्हणजे जन्मच आहे. आधार म्हणून त्याने पुढचाच श्लोक दाखवला. तेथे कर्माला सहज म्हटले आहे, आणि सहज म्हणजे जन्माबरोबर आलेले. ज्ञानदेवांच्या तिसऱ्या अध्यायातील आणखी एक दृष्टान्त त्याने समोर ठेवला. शूद्राच्या घरची पक्वान्ने कितीही चांगली असली तरी गरीब ब्राह्मणाने ती कशी खावी, असा तो आहे. विरुद्ध आधार म्हणून त्याने चौथ्या अध्यायातला गुण आणि कर्म यांवरून चार वर्ण निर्माण केल्याचा श्लोक घेतला आणि लिहिले, की तेथेही गुण कोणी ठरवायचे हे सांगितलेले नाही. अठरावा अध्याय ते जन्मावर सोपवतो. शेवटी वेगळे टिपले होते: ग्रंथाचे म्हणणे मी असे समजलो, ते मला मान्य नाही.

मी त्याला दहापैकी चार गुण दिले. त्या वेळी मला वाटले की मुलगा उद्धट आहे. सुदैवाने उत्तरपत्रिका दुसऱ्या एका शिक्षकांकडेही माझे गुण न दाखवता पाठविण्याचे आम्ही ठरवले होते. त्यांनी नऊ दिले. पाच गुणांचे अंतर पडल्यावर आम्ही दोघे समोरासमोर बसलो. त्यांनी मला एवढेच विचारले, "चारही रकाने वेगवेगळे भरा पाहू. याचा कोणता रकाना रिकामा आहे?" मी भरू लागलो आणि मला एकही रकाना रिकामा दाखवता येईना. सहज या शब्दाचा त्याने घेतलेला अर्थ खुद्द शांकरभाष्यातलाच होता. गीतेने चातुर्वर्ण्याला गुणांच्या तत्त्वज्ञानाचा टेकू दिला, ही टीका डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी केलेली आहे. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ती १९८७ पासून छापील रूपाने उपलब्ध आहे. मी त्या मुलाच्या आधाराला गुण दिले नव्हते. त्याच्या निष्कर्षाचे गुण कापले होते. गुण वाढवले आणि त्याला घरी जाऊन सांगून आलो.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला, आणि अशी परीक्षा काढणाऱ्या कोणालाही मी तोच सांगेन. प्रश्न छापण्यापूर्वी आपण स्वतः त्याची परस्परविरुद्ध दोन उत्तरे लिहावीत. दोन्हींना आपल्या वाटणीप्रमाणे नऊ गुण पडत असतील तर प्रश्न खरोखर अर्थाचा आहे. एकालाच पडत असतील, तर आपण प्रश्नाच्या वेषात आपले मत विचारले आहे. आणि दुसरी चाचणी याहून सोपी. घरातल्या एखाद्या हुशार पण ग्रंथ न वाचलेल्या माणसाला पोथी देऊन दहा मिनिटे बसवावे. तेवढ्यात त्याला उत्तर सापडले, तर तो प्रश्न शोधण्याचा होता, समजण्याचा नव्हे; तो काढून टाकावा. एकदा घातलेला प्रश्न पुन्हा घालता येत नाही, हेही खरे. तो पुढच्या वर्षी पाठ होऊन येतो. म्हणून दर वर्षी नवी जोडी शोधावी लागते, आणि परीक्षकालाच सबंध ग्रंथ पुन्हा वाचावा लागतो.

या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वीस-पंचवीस जणांच्या वर्गाला झेपते. एकेका उत्तरपत्रिकेला दोघा परीक्षकांची पाऊण-पाऊण घटका लागते. हजारो विद्यार्थी असतील तर ती चालायची नाही, आणि चालवण्याचा आव आणला तर शेवटी ठरावीक मुद्द्यांची यादी बनवून गुण देण्याची पाळी येईल. मग घोकंपट्टी मागच्या दाराने परत आलीच.

राहता राहिल्या त्या आजी. पहिल्या उघड्या पोथीच्या परीक्षेत त्यांना अगदी कमी गुण मिळाले आणि त्या मनातून दुखावल्या. "मग आम्ही जन्मभर पाठ केलं ते वाया गेलं म्हणायचं का?" असे त्यांनी मला विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही. ते त्यांनीच पुढच्या परीक्षेत दिले. त्या वर्षी मी निराळी जोडी दिली होती. आजींनी पोथी उघडलीच नाही. डोळे मिटून त्या पुटपुटत राहिल्या आणि मग लिहू लागल्या. मी दिलेल्या दोन जागांखेरीज तीच शब्दरचना आणखी एका अध्यायात आली आहे, हे त्यांनी दाखवले. पोथी चाळणाऱ्या कोणालाही ते दिसले नव्हते, आणि खरे सांगायचे तर प्रश्न काढणाऱ्यालाही दिसले नव्हते. त्या तिसऱ्या जागेमुळे माझे मनात ठरलेले उत्तर ढासळले.

पाठांतर म्हणजे अर्थ नव्हे, हे आजींना पहिल्या प्रश्नाने कळले. पण पुनरुक्ती पकडायची तर सबंध ग्रंथ एकदम मनापुढे असावा लागतो, हे मला त्यांच्या उत्तराने कळले. आजींचे अक्षर कापरे झाले होते. उत्तराच्या शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती, "परधर्माचं अजून नीट कळलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा."